22 फ्रेममध्ये 13 शब्द वाचून दाखवा, नाहीतर पैसे परत करा

प्रति,
सपोर्टवाले आणि त्यांच्या वरचे जे कोणी असतील ते

विषय: फोनवरचे मेसेज फिल्मच्या पडद्यावर दाखवायचा तुमचा चॅट बबल टेम्प्लेट पॅक आणि आज दुपारचा फोन

ऑर्डर नंबर तुमच्याकडे आहे, चार वेळा सांगून झालाय, परत लिहीत नाही. पॅकमध्ये काय आहे तेही सांगत बसत नाही, तुम्हीच बनवलाय. आज 18 मिनिटं होल्डवर ठेवून तुमच्या माणसाने जे ऐकवलं त्यानंतर फोन करायची इच्छा राहिली नाही म्हणून हे लिहितोय.

आधी प्रकरण काय ते, कारण दर वेळी नवीन माणूस येतो आणि "सर शुरू से बताइए" म्हणतो. आमची 11 मिनिटांची शॉर्ट फिल्म आहे, इंदूरमध्येच शूट केली. शेवटाकडे बाप घरी बसलाय आणि त्याच्या फोनवर मुलीचा मेसेज येतो: "बाबा मी स्टेशनवर पोचले, पण तुम्ही सांगितलेला नंबर बंद येतोय, आता काय करू?" 13 शब्द. सगळी गोष्ट याच मेसेजवर फिरते, कारण तो नंबर बंद आहे हे बापाला आधीपासून माहीत असतं. हा मेसेज वाचला गेला नाही तर पुढची दोन मिनिटं एक माणूस उगाच भिंतीकडे बघत बसलाय, एवढंच दिसतं.

तुमच्या बबलची लांबी 50 फ्रेम. आम्ही सेकंदाला 25 फ्रेमवर काम करतो, म्हणजे 2 सेकंद. त्यातले पहिले 18 फ्रेम बबल रबरासारखा उड्या मारत येतो, शेवटचे 10 फ्रेम तो विरघळत जातो. उरले 22. एक सेकंदही नाही! बीबीसीच्या सबटायटलच्या गाईडलाईनमध्ये मिनिटाला 160 ते 180 शब्द सांगितलेत, म्हणजे सेकंदाला तीनच्या आसपास, आणि ते इंग्रजीसाठी. आमचा "सांगितलेला" हा एकटा शब्द इंग्रजीतल्या दोन-तीन शब्दांचं काम करतो. तरी तीनच धरू. 13 शब्दांना सव्वाचार सेकंदांच्या वर लागतात, 108 फ्रेम, आणि तेही बबल स्थिर झाल्यावर. उड्या मारणारं अक्षर कोणी वाचत नाही, डोळा ते थांबायची वाट बघतो. वर तुम्ही मोशन ब्लर डिफॉल्ट ऑन ठेवलाय, म्हणजे त्या 18 फ्रेममध्ये अक्षरं नुसती फासलेली दिसतात.

आता पहिल्या फोनवरचा सल्ला, "सर टाइम स्ट्रेच कर लीजिए." केला. 108 अधिक 18 अधिक 10 म्हणजे 136 फ्रेम हवेत, 50 चे 136 करायला 272 टक्के. काय झालं माहितीये? उडी पण 272 टक्के झाली. 18 फ्रेमचा पॉप 49 फ्रेमचा झाला, बबल दोन सेकंद पाण्यातल्या फुग्यासारखा डुलत येतो, आणि एवढं करून स्थिर वेळ मिळाला 60 फ्रेम, पाहिजे होते 108. सुरुवात आणि शेवट प्रोटेक्टेड रीजनमध्ये टाकून फक्त मधला भाग ताणायची सोय आफ्टर इफेक्ट्स सॉफ्टवेअरमध्ये कित्येक वर्षांपासून आहे, टेम्प्लेट बनवणाऱ्याला दोन मिनिटांचं काम. ते तुम्ही केलेलं नाही. आणि बॉक्सवर लिहिलंय काय तर "कोणत्याही लांबीच्या मेसेजसाठी".

मराठीचं वेगळंच. आधी तर "मि"ची वेलांटी म च्या पुढे जाऊन बसली होती, ते मी प्रेफरन्समध्ये जाऊन साऊथ एशियन टेक्स्ट इंजिन लावून निस्तरलं, त्याबद्दल ओरडत नाही. पण बबलचा आकार तुम्ही असा काढलाय:

```
s = thisComp.layer("Message").sourceRectAtTime(time, false);
[s.width + 80, s.height + 50]
```

ही height म्हणजे त्या क्षणी जी अक्षरं दिसतायत त्यांची खरी उंची. इंग्रजीत चालून जातं. मराठीत "बाबा" लिहिलं तर उंची एक, "तुम्ही" आलं की खाली उकार आणि वर वेलांटी, उंची वेगळी. त्यामुळे "हाय" चा बबल बुटका आणि "कुठून" चा उंच, एकाखाली एक लावले की वेगवेगळ्या दुकानांतून आणल्यासारखे दिसतात. बापाच्या बाजूचा मेसेज टाईप होत असताना तर कहर, प्रत्येक उकाराला बबल खाली दचकतो आणि बॅकस्पेस मारला की परत वर. प्रेक्षक अक्षर सोडून बबल बघत बसतो. उपाय चार ओळींचा आहे, उंची अक्षरांवरून न काढता ओळींच्या संख्येवरून काढायची:

```
t = thisComp.layer("Message");
s = t.sourceRectAtTime(time, false);
n = t.text.sourceText.value.split("\r").length;
[s.width + 80, n * 72 + 40]
```

72 हे आमच्या फॉन्टचं लीडिंग, म्हणजे एका ओळीपासून दुसरीपर्यंतचं अंतर, तुमचं जे असेल ते घाला. ओळ मात्र हाताने एंटर मारून तोडावी लागते, आपोआप मुडपणाऱ्या बॉक्समध्ये हे मोजलं जात नाही. हे मला रात्री दीड वाजता शोधावं लागलं. पैसे कोणी घेतले होते, मी की तुम्ही?

आणखी एक, मुलीचा मेसेज पण तुमच्यात एकेक अक्षर टाईप होत येतो. अहो, समोरच्याचा मेसेज फोनवर अख्खा येतो! आधी तीन टिंबं हलतात, मग मेसेज. एकेक अक्षर फक्त ज्याचा फोन त्याचंच दिसतं. फोन वापरता ना तुम्ही लोक?

तर आजचा फोन. मी शांतपणे (खरंच शांतपणे, बायको समोर बसली होती) सांगितलं की लोकमान्य नगरमधल्या एका हॉलमध्ये आम्ही घरच्या आणि ओळखीच्या चाळीसेक लोकांना फिल्म दाखवली, तो मेसेज आला आणि गेला, आणि अंधारात माझी आई मोठ्याने म्हणाली, "काय लिहिलं होतं रे?" मागून काका म्हणाले, "काहीतरी स्टेशनचं होतं." तिसऱ्या रांगेत कोणीतरी हसलं. तिथेच फिल्म संपली, पुढे सात लोक मोबाईल बघत होते, मी मोजले.

यावर तुमचा माणूस: "सर, व्यूअर पॉज कर सकता है ना."

मी म्हटलं, हॉलमध्ये प्रोजेक्टर आहे, रिमोट कोणाकडे असतो? तो म्हणाला, "तो सर यूट्यूब पे डालिए." मी म्हटलं, यूट्यूबवर टाकली तरी गोष्टीच्या ऐन मोक्याला थांबवून वाचायला लागत असेल तर ते माझं अपयश आहे आणि त्याला कारण तुमचे 22 फ्रेम आहेत. मग जरा वेळ कीबोर्डचा आवाज आला, मला वाटलं तक्रार लिहून घेतोय. आणि मग अगदी समजुतीच्या आवाजात, लहान पोराला सांगतात तसं, "सर, बुरा मत मानिए, आपके ऑडियंस का रीडिंग थोड़ा स्लो होगा. हाय, ओके वाले मैसेज में तो बढ़िया चलता है."

माझ्या आईचं रीडिंग स्लो. 31 वर्षं शाळेत मराठी शिकवलं तिने, आजही पेपरातली शुद्धलेखनाची चूक चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत सापडते तिला. मी हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, "जी सर, वही तो, उमर का भी होता है." मी फोन ठेवला नाही हे लक्षात घ्या, मी विचारलं वरिष्ठ कोण आहे, तर लाईन कट. परत लावला तर तेच संगीत. पॉज कर सकता है म्हणे. तुमचं होल्डचं संगीत पॉज करता येत नाही हो.

शेवटी मी काय केलं तेही सांगतो, म्हणजे पुढच्या गिऱ्हाईकाला "स्लो रीडिंग" ऐकवण्याआधी वाचाल. तुमचा पॅक काढून टाकला. मेसेज तीन बबलमध्ये तोडला, "बाबा मी स्टेशनवर पोचले", मग "पण तुम्ही सांगितलेला नंबर बंद येतोय", मग "आता काय करू?" घाबरलेली मुलगी अशीच पाठवेल. पॉप 6 फ्रेमचा, उडी नाही, मोशन ब्लर बंद. पहिल्या बबलला 48 फ्रेम दिले, चार शब्दांना लागतात त्याच्यापेक्षा अर्धा सेकंद जास्त, कारण कट झाल्यावर डोळ्याला बबल कुठे आहे ते शोधायलाच वेळ जातो. बबल बाप जिकडे बघतोय त्याच बाजूला ठेवला, म्हणजे चेहऱ्यावरून नजर सरकून आपसूक तिथे जाते. पुढचा आला की आधीचा 8 फ्रेममध्ये वर सरकतो आणि गप बसतो, पुसला जात नाही, ज्याचं राहिलं तो मागचं वाचून घेतो. त्याच वेळी मागे चहावाल्याचा एक संवाद होता, तो पुढे ढकलला, कारण एक वाक्य वाचताना दुसरं ऐकलं की दोन्ही जातात. तिसऱ्यानंतर दोन सेकंद काहीच हलत नाही. सगळं मिळून साडेसात सेकंद.

मला ते फार लांब वाटत होतं, पण मला ते 13 शब्द पाठ आहेत, माझ्या वाटण्याला काय अर्थ. आईला दाखवून उपयोग नव्हता, तिला आता मेसेज माहीत झालाय, म्हणून शेजारच्या काकूंना आवाज बंद करून दाखवलं आणि मी स्क्रीन सोडून त्यांचे ओठ बघत बसलो. तिसरा बबल आल्यावर ओठ थांबले, मग दीडेक सेकंद नुसत्या बघत होत्या, मग म्हणाल्या, "अगं बाई, याला माहीत होतं?"

आता माझं मागणं. 4,200 रुपये परत, पूर्ण. "डिजिटल प्रॉडक्ट रिफंड होत नाही" हे वाक्य परत पाठवू नका, बॉक्सवर "कोणत्याही लांबीच्या मेसेजसाठी" लिहून 22 फ्रेम विकलेत तुम्ही. पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर ग्राहक हेल्पलाईनच्या 1915 वर तक्रार नोंदवणार आणि नंतर इथल्या ग्राहक आयोगात जाणार, माझा मावसभाऊ वकील आहे आणि सध्या रिकामा आहे. खरं सांगायचं तर वाईट वाटतं, पडद्याच्या खालच्या भागात नावं दाखवायचा तुमचा जुना लोअर थर्डचा पॅक मी तीन वर्षं वापरला, इथल्या निम्म्या पोरांना मीच सांगितलं होतं घ्या म्हणून. त्यातल्या चौघांना कालच फोन करून नको म्हटलंय.

उत्तर लेखी द्या. फोन करू नका. केलाच तर त्या माणसाला देऊ नका, आणि दिलाच तर फोन मी आईकडे देईन.

तुमचा आतापर्यंतचा ग्राहक,
इंदूर