शेंगदाणे आणि काजू यांतला फरक : मंत्रिमहोदयांस खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,

स. न. वि. वि.

आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून आधी थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं. पण परवा माझ्या तक्रारीवर टपालाने आपल्या कार्यालयाचं उत्तर आलं आणि तो बेत मोडला. पाच ओळींचं उत्तर. त्यातली शेवटची ओळ अशी : 'खाद्यपदार्थाच्या वेष्टनावरील मराठी मजकूर ऐच्छिक असल्याने सदर तक्रारीत कार्यवाहीचा प्रश्न उद्भवत नाही, सबब प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे.' उद्भवत नाही! साहेब, प्रश्न उद्भवला तो रात्री साडेनऊ वाजता, माझ्या सात वर्षांच्या नातीच्या ओठांवर.

तिला काजूची अ‍ॅलर्जी आहे. शेंगदाण्याची नाही, हे नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. शेंगदाणा हा शेंगवर्गातला, हरभरा-मटारच्या घरातला. काजू, बदाम, पिस्ता, अक्रोड हे झाडाचे. एकाची अ‍ॅलर्जी असलेल्याला दुसऱ्याची असेलच असं नाही. आमची पोर शेंगदाण्याची चिक्की कडाकडा फोडून खाते, पण काजू चालत नाही. डॉक्टरांनी पिस्त्यालाही हात लावू नका म्हणून सांगितलंय, कारण काजू आणि पिस्ता हे जवळचे नातेवाईक.

त्या दिवशी सून कामावर, मी घरी. बिस्किटांचं पाकीट बाहेरून आलेलं, मूळ मजकूर इंग्रजीत. त्यावर कुणा पुरवठादाराने मराठी चिकटपट्टी लावलेली, आणि तीही नेमकी इंग्रजी अ‍ॅलर्जीच्या ओळीवर. मला इंग्रजी वाचता येतं हो, पण चिकटपट्टीच्या आरपार वाचता येत नाही. मराठीत लिहिलं होतं : 'गहू, दूध, सोया समाविष्ट. शेंगदाणे असू शकतात.' मी निर्धास्त झाले. पोरीला शेंगदाणे चालतात. दोन बिस्किटं दिली.

वीस मिनिटांत अंगावर गांधी, मग ओठ सुजले, मग उलटी, आणि मग तो श्वासाचा शिटीसारखा आवाज. दवाखान्यात मांडीत अ‍ॅड्रेनालीन टोचलं तेव्हा कुठे जिवात जीव आला. रात्रभर नजरेखाली ठेवलं तिला. घरी आल्यावर मी ती चिकटपट्टी गरम पाण्याच्या वाफेवर धरून सोलली. खाली ठसठशीत अक्षरांत होतं : 'मे कंटेन ट्री नट्स.'

म्हणजे आत काजू असू शकतील, हे मूळ कंपनीने सांगितलं होतं. मराठीत येताना 'ट्री' हा शब्द कुणाच्या तरी टेबलावरून खाली पडला आणि उरलेल्या 'नट्स'चे शेंगदाणे झाले. त्यापेक्षा 'आत नट असू शकतात' असं लिहिलं असतं तरी चाललं असतं. नट खाऊ नयेत एवढं मला कळतं, मी पाकीट बाजूला ठेवलं असतं.

मी अठ्ठावीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधन केलं. पाय दुमडून बसले आणि त्या चिकटपट्टीचं प्रूफ तपासलं. अ‍ॅलर्जीची ओळ ही काही एकटी चूक नव्हती. सगळ्या मिळून चौदा निघाल्या, की पंधरा. रागात मोजल्या, एखादी इकडेतिकडे झाली असेल.

घटकांपासून सुरुवात करते. मुळात पहिला शब्द होता 'रिफाइन्ड व्हीट फ्लोअर', म्हणजे मैदा. आपल्याकडे त्याला दोन अक्षरी शब्द आहे आणि तो पोराटोरांना माहीत आहे. चिकटपट्टीवर 'शुद्ध गव्हाचे पीठ'. झालं, मैद्याचं पुण्य गव्हाला गेलं! मधुमेहाचा माणूस ते वाचून म्हणणार, चला, चपातीच्या पिठाची बिस्किटं. त्यापुढे मुळात साखर दुसरी आणि पामतेल तिसरं होतं. मराठीत आधी 'वनस्पती तेल', मग 'दूध पावडर', आणि साखर बिचारी चौथ्या जागी. घटकांची यादी ही वाणसामानाची यादी नव्हे साहेब, की वाटेल तशी लिहावी. जे सर्वांत जास्त ते पहिलं, मग त्याहून कमी, असा उतरता क्रम ठेवायचा असतो. तो क्रम हीच माहिती. शिवाय तेल कोणतं हे नावानिशी सांगायला हवं. पामतेलाला 'वनस्पती तेल' म्हटलं की ते शेंगदाण्याचं की सरकीचं, हे वाचणाऱ्याने स्वप्नात शोधायचं.

ज्याला ते 'दूध पावडर' म्हणतात ते मुळात व्हे होतं, म्हणजे दूध फाडल्यावर निथळणारं पाणी वाळवून केलेली भुकटी. याला मराठीत सर्वांना कळेल असा एक शब्द नाही हे मलाही मान्य. पण मग 'व्हे पावडर (दुधापासून)' असं लिहा ना. कंसातला शब्द महत्त्वाचा. ज्याला दूध सोसत नाही त्याला व्हे हे नाव काहीच सांगत नाही, कंस सांगतो. तसंच 'इमल्सिफायर 322'. हे लेसिथिन, आणि ते बहुधा सोयाचं असतं. तिथे 'पायसीकारक' असा शब्द घालून भाषेची सेवा केल्याचं समाधान मिळेल, पण सोया हा शब्द लिहिला नाही तर कुणाचं भलं होणार?

आता साठवण. मुळात होतं की गार, कोरड्या जागी ठेवा. मराठीत 'थंड ठिकाणी ठेवा'. आमच्या शेजारणीने ते वाचून बिस्किटं थेट फ्रिजमध्ये ठेवली. बाहेर काढल्यावर त्यांच्यावर दव धरतं आणि ती मऊ पडतात, मग दुकानदाराशी भांडण. 'ऊन व उष्णतेपासून दूर, कोरड्या जागी' असं लिहिलं असतं तर? पुढे 'वन्स ओपन्ड' याचं केलं होतं 'एकदा उघडा'. एकदाच उघडायचं का? दुसरं बिस्कीट हवं असेल तर काय, अर्ज करायचा? अर्थ साधा होता : उघडल्यावर हवाबंद डब्यात ठेवा आणि 7 दिवसांत संपवा.

आणि मुदत. ही वाचून मी रागातही हसले. 'उत्पादनाच्या 9 महिन्यांपूर्वी सर्वोत्तम.' म्हणजे बिस्कीट तयार होण्याच्या नऊ महिने आधी ते सर्वोत्तम होतं! गर्भसंस्कार ऐकले होते, बिस्किटांवरही होतात हे नव्हतं माहीत.

पण यातली गंमत इथेच संपते, कारण 'बेस्ट बिफोर' आणि 'यूज बाय' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि मराठी पाकिटांवर दोन्हींना सर्रास 'अंतिम मुदत' म्हणतात. पहिली दर्जाची मुदत : त्यानंतर बिस्कीट कुरकुरीत राहणार नाही, चव उतरेल, पण खाल्लं म्हणून लगेच अपाय होईल असं नाही. दुसरी सुरक्षिततेची : त्यानंतर तो पदार्थ विकायचाच नाही. 2020 च्या लेबलिंगच्या नियमांनी ही दुसरी सक्तीची केली आणि पहिली ऐच्छिक ठेवली. पहिलीला 'अंतिम मुदत' म्हटलं तर चांगलं अन्न कचऱ्यात जातं. दुसरीला कुणी 'या तारखेपूर्वी उत्तम' असं लिहिलं, तर ताज्या पनीरचं पाकीट खाणारा म्हणेल, दोन दिवस जास्त झाले तर काय होतंय? आणि ही तारीखही साठवणीच्या ओळीला बांधलेली असते. फ्रिजमध्ये ठेवायच्या वस्तूची तारीख ओट्यावर ठेवल्यावर लागू होत नाही. म्हणून दोन्ही ओळी एकमेकींशेजारी हव्यात. चिकटपट्टीवर त्या दोन टोकांना होत्या.

एक दुसरं उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुसऱ्या एका पाकिटावर 'राई' असं वाचलं. मला वाटलं मोहरी. मुळात होतं ते 'राय', गव्हासारखं ग्लूटेन असलेलं धान्य. ज्याला ग्लूटेन वर्ज्य, तो मोहरी समजून ते खाणार. एका अक्षराचा खेळ.

आता आपल्या कार्यालयाच्या त्या 'ऐच्छिक'कडे येते. मी तो नियम वाचला आहे, उत्तर लिहिणाऱ्याने वाचला होता की नाही कोण जाणे. अनिवार्य मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत, हे खरं. इतर भाषा जास्तीची म्हणून वापरता येते, हेही खरं. पण त्याला जोडूनच परंतुक आहे : त्या भाषेतल्या मजकुराने दिशाभूल होता कामा नये आणि तो मूळ मजकुराच्या विरोधात जाता कामा नये. लिहिणं ऐच्छिक आहे, खोटं लिहिणं ऐच्छिक नाही. काजूच्या जागी शेंगदाणा हा विरोध नसेल तर विरोध म्हणजे काय हे आपण एका अध्यादेशाने कळवावं.

मला काय हवं आहे? फार नाही. नियमांत अ‍ॅलर्जीचे आठच गट आहेत. त्यांची मराठी नावं एका पानावर छापा : 'ट्री नट्स' म्हणजे झाडाचे कवचफळ वगैरे अवघड शब्द नकोत, 'काजू, बदाम, पिस्ता, अक्रोड यांसारखा सुकामेवा' असं सरळ लिहा, कवचवाल्या जलचरांसाठी 'कोळंबी, खेकडा'. 'आहे' आणि 'असू शकते' यांतला फरक पाळा. मूळ मजकूर झाकेल अशी चिकटपट्टी चालणार नाही असं सांगा. आणि छापण्यापूर्वी तो मजकूर इंग्रजी न पाहिलेल्या एखाद्या माणसाच्या हातात द्या आणि विचारा, हे कुणी खाऊ नये? त्याने काजूवाल्याचं नाव घेतलं नाही तर छापू नका. यासाठी समिती, उपसमिती आणि अभ्यासदौरा लागत नाही. पाचवीतला मुलगा हे काम करतो.

पण तुमच्याकडे मराठी म्हणजे पाटी. दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षर दुसऱ्या लिपीहून लहान चालत नाही, त्यासाठी कायदा, दंड, तपासणी पथकं. पाटीवर मराठी मोठी, पाकिटाच्या पाठीवर मराठी खोटी. 3 ऑक्टोबर 2024 ला भाषेला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मी घरात पेढे वाटले होते. त्याच घरात आता मी भिंग घेऊन बिस्किटांची पाकिटं वाचत बसते, आणि सून म्हणते, आई, तुम्ही मराठी वाचू नका, इंग्रजीच वाचा. अठ्ठावीस वर्षं मराठी शुद्ध करण्यात घालवलेल्या बाईला हे ऐकावं लागतं. आणि सुनेचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही.

नातीने आता एक सवय लावून घेतली आहे. कुणी काही दिलं की आधी विचारते, 'आजी, हे मराठीत लिहिलंय का खरं लिहिलंय?'

पुरावा म्हणून ते पाकीट आणि सोललेली चिकटपट्टी सोबत जोडत आहे. पाकिटात थोडा चुरा उरलाय. ते उघडण्याआधी आपल्या कार्यालयात कुणाला काजूची अ‍ॅलर्जी नाही ना, एवढं विचारून घ्या. चिकटपट्टीवर तसं काही लिहिलेलं नाही.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक