दोन टक्के नफा म्हणजे हातात किती?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमच्या अर्थविषयक पानावर ‘100 ला घ्या, 102 ला विका’ असे सल्ले येतात, ते वाचून मी पण बरेच दिवस तसंच केलं आणि वर्षअखेरीस हिशोब काढला तेव्हा लक्षात आलं की चार्टवर दिसलेला नफा आणि खात्यात आलेले पैसे यात फार फरक आहे. तो फरक कुठे जातो ते एका सौद्यावरून सांगतो. दर सगळीकडे वेगळे असतात म्हणून गोल आकडे धरलेत.

समजा 1000 शेअर घ्यायचेत, स्क्रीनवर भाव 100. मार्केट ऑर्डर टाकली, पण 100 ला विकणारे फक्त 300 शेअरचेच होते, मग पुढचे 400 मिळाले 100.10 ला आणि उरलेले 300 मिळाले 100.30 ला. झाले 1,00,130. विकताना पण तेच, 102 ला निम्मे गेले आणि बाकीचे 101.80 ला, म्हणजे आले 1,01,900. स्क्रीनप्रमाणे 2000 मिळायला हवे होते, मिळाले 1770. हे 230 म्हणजे स्लिपेज, आणि ते कुठल्याच बिलात वेगळं दाखवत नाहीत त्यामुळे कोणाच्या लक्षातच येत नाही.

आता दोन्ही बाजूंना ब्रोकरेज 0.1 टक्का आणि व्यवहार कर वगैरे मिळून अजून 0.1 टक्का धरला तर साधारण 404 गेले, राहिले 1366. त्यावर नफ्याचा कर 20 टक्के, म्हणजे 273. हातात 1093.

पण खरी मेख पुढे आहे. याच सौद्यात भाव 98 वर जाऊन स्टॉपलॉस लागला आणि स्लिपेज तेवढंच झालं तर तोटा 2000 चा नाही, खर्च धरून 2626 चा होतो, कारण ब्रोकरेज आणि व्यवहार कर तोट्यातही द्यावाच लागतो. म्हणजे कागदावर शंभरात पन्नास सौदे बरोबर आले की बरोबरी होते, प्रत्यक्षात मात्र 66 बरोबर यावे लागतात, तेही नफ्याचा कर न धरता! टार्गेट जितकं छोटं तितका हा आकडा वर जातो.

मी आता ऑर्डर टाकताना स्क्रीनवरचा भाव वहीत लिहितो आणि नंतर कॉन्ट्रॅक्ट नोटमधल्या भावाशी ताडून बघतो. कमी उलाढालीच्या शेअरमध्ये फरक सगळ्यात जास्त निघाला. लिमिट ऑर्डरने तो आटोक्यात येतो, पण भाव पळाला तर ऑर्डर तशीच पडून राहते आणि सौदाच होत नाही, हे पण खरं.

म्हणून विनंती एवढीच की सल्ल्याच्या चौकटीत टार्गेटच्या शेजारी खर्च वजा जाता किती उरेल तो आकडा पण छापा, आणि त्या शेअरची रोजची उलाढाल पण द्या.

आपला,
एक नियमित वाचक