ट्यूब चालूच होती

डिचोली

बाबू,

काल फोनवर तुझ्यावर ओरडलो. तू फोन ठेवलास, ते बरंच केलंस. आई म्हणाली, पत्र लिहा, पत्रात तुमचा आवाज चढत नाही.

टीव्हीमागचा बोर्ड पेटल्यावर तू आधी मेन बंद केलास. लाईनमनच्या मुलाला शोभेल असंच. पण मग बादली ओतलीस, आणि जाता जाता सांगितलंस की खोलीतली ट्यूब चालूच होती. मी रात्रभर त्या ट्यूबपाशीच अडकलोय.

मेन बंद केल्यावर ट्यूब कशी राहिली? इन्व्हर्टर! त्याला वाटलं लाईट गेली, आणि त्याने बॅटरीवरून २३० व्होल्ट सोडले. टीव्हीचा बोर्ड त्याच लाईनवर. म्हणजे पाणी पडलं ते चालू तारांवर. नळाच्या पाण्यात क्षार असतात, त्यातून करंट वाहतो. धारेतून हातात, ओल्या लाद्यांवरून पायात. चपला होत्या म्हणालास. खरंच होत्या ना?

तेव्हा आधी मेन, मग इन्व्हर्टरचं बटण. दोन्ही बंद झाल्यावर ट्यूब विझते, तीच खूण. बोर्डापर्यंत हात नेऊ नकोस.

पुन्हा शिकवायला लागलो. पण तू पाच वर्षांचा असताना चवथीला माटोळीवरची दिव्यांची माळ पेटली होती, आठवतं? आईने तांब्या उचलला आणि मी तिचं मनगट इतकं आवळलं की बांगडी फुटली. ती दोन दिवस बोलली नाही. काल तुझ्यावर ओरडलो, तेही त्यातलंच.

एमसीबी का पडला नाही, असं विचारलंस. तो जास्तीचा करंट ओळखतो, सैल स्क्रू ओळखत नाही. वास्कोच्या खाऱ्या हवेत स्क्रू गंजतो, जोड तापतो, प्लास्टिक पिवळं पडतं. प्लग हाताला गरम लागला की समजायचं.

एक कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर घे, दोन किलोचा, काळ्या भोंग्याचा. त्याने वीज वाहत नाही, टीव्हीही खराब होत नाही. पिन काढून दीड-दोन मीटरवरून ज्वाळेच्या बुडाशी मार. भोंगा हातात धरू नकोस, बर्फासारखा गार होतो. मात्र तो काही सेकंदांतच संपतो आणि जागा थंड करत नाही. विझलेली आग पुन्हा पेटते, म्हणून वीज आधी तोडायची. पावडरचा सिलिंडरही चालतो, पण नंतर घरभर पीठ. खोलीत धूर भरला तर यातलं काही करू नकोस. दार ओढून बाहेर पड आणि १०१ लाव. टीव्ही जळू दे.

शनिवारी टेस्टर घेऊन कदंबच्या बसने येतो. तोवर त्या बोर्डाला हात लावू नकोस.

आणि चपलांचं काय ते कळव. आईला सांगणार नाही.

बाबा