गॅस आला म्हणून पोरगी उंच होत नाही

प्रति,
मा. संपादक,

स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात चुलीच्या धुरामुळे मुलांची उंची खुंटते अशी बातमी आली होती, आणि खाली चौकटीत लिहिलं होतं की घरात गॅस आला की मुलं उंच होतील. पहिल्या वाक्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. चौकटीबद्दल आहे, कारण तेच वाक्य मी स्वतः बरीच वर्षं गावोगाव बायांना सांगत फिरले. मी अंगणवाडीची मुख्यसेविका होते, आता रिटायर झाले, अमळनेर तालुक्यात राहते. "गॅस घे बाई, पोरगं उंच होईल" असं मी किती जणींना सांगितलं असेल त्याचा हिशोब नाही, आणि आता वाटतं की अर्धवट सांगितलं.

आमच्या गल्लीतल्या एका पोरीचं सांगते. डिसेंबरातला जन्म, वजन २ किलो १००, म्हणजे अडीच किलोच्या खाली. कपाशी वेचून झालेली, दारात काड्यांचा ढीग, आणि चूल त्याच्यावरच. कपाशीच्या काड्या पेटतात भराभर पण थोड्या ओलसर असल्या की असा धूर काढतात की समोरचं माणूस दिसत नाही (भरीत याच काड्यांवर चांगलं होतं हे खरं, पण भरीत शेतात उघड्यावर भाजतात, घरात नाही). थंडी म्हणून पोरीची झोळी चुलीजवळच टांगलेली, दोन हातांवर. म्हातारी म्हणायची ऊब लागते पोरीला. ऊब लागायचीच, पण धूर आधी वर जाऊन पत्र्याला लागतो आणि तिथून खाली उतरतो, आणि झोळी नेमकी मधे. आई सहा महिन्यांनी मला म्हणाली, "ताई, पोर वाढस नही." त्याच सुमाराला त्यांना गॅसचं कनेक्शन मिळालं आणि मी खूश झाले, म्हटलं आता बघ.

दोन वर्षं पूर्ण झाली त्या आठवड्यात मी सहज अंगणवाडीत गेले तर सेविकेने तिची उंची लिहिली होती ७९.६ सेंटीमीटर आणि पुढे नॉर्मल. मी विचारलं कशी मोजली, तर म्हणे झोपवून. इथेच गडबड आहे. दोन वर्षांच्या आतलं मूल झोपवून मोजायचं आणि दोन वर्षं झाली की उभं करून, आणि झोपवून मोजलेली लांबी उभ्या उंचीपेक्षा साधारण ०.७ सेंटीमीटर जास्त भरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या तक्त्यात दोन वर्षांच्या मुलीसाठी खुजेपणाची रेषा उभ्याने ७९.३ आहे आणि झोपवून ८०.०. सेविकेने झोपवून मोजलं आणि उभ्याची रेषा बघितली. ७९.६ मधून ०.७ काढले की उरतात ७८.९, म्हणजे पोरगी रेषेच्या खाली. त्या वयाच्या मधल्या मुलीची उंची ८५.७ असते, म्हणजे ही जवळजवळ सात सेंटीमीटर मागे होती आणि रजिस्टरात नॉर्मल. सेविकेला दोष देत नाही, तिच्यामागे वजन, पोषण आहार, मोबाईलवरची नोंद, सगळं असतं. मोजायला दोन माणसं लागतात, एकाने डोकं फळीला धरायचं, नजर सरळ छताकडे, दुसऱ्याने गुडघे दाबून धरायचे आणि सरकती फळी तळव्यांना टेकवायची. पोरगं रडतं, गुडघा दुमडतं, एक सेंटीमीटर असाच इकडे तिकडे होतो.

हा एक सेंटीमीटर लक्षात ठेवा, कारण आता धुराचं सांगायचंय. २०१९ मध्ये एक अभ्यास आला होता, २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातल्या (एनएफएचएस) मुलांच्या उंचीवर, आणि त्यांनी मूल जन्मलं त्या महिन्यात त्या भागातल्या बाहेरच्या हवेत पीएम २.५, म्हणजे धुरातले अगदी बारीक कण, किती होते ते जोडून बघितलं. जन्माच्या महिन्यात हे कण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमने जास्त असतील तर पाच वर्षांच्या मुलीची उंची सरासरी ०.२४ सेंटीमीटर कमी दिसली. पोटातले शेवटचे तीन महिने आणि जन्मानंतरचे पहिले काही महिने, तिथेच संबंध दिसला. आता ०.२४ म्हणजे अडीच मिलीमीटरच्या आत. म्हणजे संबंध आहे, हजारो मुलं एकत्र बघितली की दिसतो, पण एका पोरीकडे बोट दाखवून ही धुरामुळे बुटकी राहिली असं कोणी म्हणू शकत नाही, तेवढा फरक तर आमचा मोजताना गुडघा दुमडला तरी होतो. आणि हा फक्त एका महिन्याच्या बाहेरच्या हवेचा हिशोब, चुलीजवळ वर्षभर काढलेल्या पोरीचा नाही, हेही खरं.

धूर उंचीला लागतो कसा, तर सरळ हाडाला जाऊन लागत नाही. आईच्या श्वासातून कार्बन मोनॉक्साईड रक्तात जातो, ऑक्सिजनची जागा घेतो, बाळाला कमी पोचतो, बाळ लहान जन्मतं. जन्मल्यावर घसा छाती सारखी धरलेली, तापात मूल दूध ओढत नाही, आणि जे खातं ते आजाराशी लढण्यात जातं. पहिल्या वर्षात मूल २५ सेंटीमीटरच्या आसपास वाढतं, तेवढं परत आयुष्यात कधीच वाढत नाही, म्हणून त्या वर्षातला प्रत्येक आजार महाग पडतो.

मग चूल बंद केली की झालं, असं मलाही वाटायचं. पण हे प्रत्यक्ष करून बघितलंय लोकांनी. हेपिन नावाची एक मोठी चाचणी झाली, आपल्या तमिळनाडूत आणि ग्वाटेमाला, पेरू, रवांडा इथे, ३२०० गरोदर बायांवर. चिठ्ठ्या टाकल्यासारखं अर्ध्या जणींना शेगडी आणि सिलिंडर फुकट, घरपोच, मूल एक वर्षाचं होईपर्यंत, आणि अर्ध्या आपल्या चुलीवरच. गॅस मिळालेल्या बायांनी तो खरंच वापरला. बाळंतपणानंतर त्यांच्या श्वासातल्या हवेतले तेच बारीक कण सरासरी घनमीटरला ३७.९ मायक्रोग्रॅमवर आले, चूलवाल्यांचे १०९.२ होते. म्हणजे दोन तृतीयांश धूर गेला. आणि उंची? एक वर्षाची मुलं मोजली तेव्हा गॅसवाल्यांत २७.४ टक्के खुजी, चूलवाल्यांत २५.२. फरक नाहीच म्हणायचा, दोन टक्के योगायोगाने इकडे तिकडे होतात. २०२४ मध्ये हे छापून आलं. मी वाचलं तेव्हा दोन दिवस काही सुचलं नाही, माझी गावागावातली सगळी भाषणं आठवली.

नीट विचार केला तर कळतं. एक म्हणजे सर्वेक्षणात चूलवाल्या घरांत मुलं खुजी दिसतात, पण ज्या घरात चूल आहे त्याच घरात बहुतेकदा आई अशक्त, पाणी लांबून, संडास नाही, डाळ आठवड्यातून दोनदा. सगळं एकत्र येतं आणि नाव चुलीचं. दुसरं, गॅस गरोदरपणाच्या तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात आला, आईचं शरीर तर त्याच्या आधीच घडलेलं. तिसरं, ३७.९ म्हणजे स्वच्छ हवा नव्हे. आपल्या सरकारची वर्षाची मर्यादा ४० आहे म्हणून ती पास होते, पण जागतिक आरोग्य संघटना ५ म्हणते, म्हणजे साडेसात पट. गॅसच्या घरात एवढे कण कुठून येतात? शेजारून येतात. आणि हेही सांगते, त्यांनी मुलं एक वर्षापर्यंतच मोजली आहेत, पुढचं त्यातून कळत नाही. धूर निरुपद्रवी आहे असं त्या चाचणीचं म्हणणं नाही, माझंही नाही. फक्त उंचीचं आमिष दाखवून सिलिंडर घ्यायला लावू नका. बाई पैसे साठवून सिलिंडर भरते, वर्षाने पोरगी तेवढीच दिसते, मग ती म्हणते गॅसचा काही उपयोग नाही, आणि परत काड्या पेटवते. हे मी बघितलंय.

त्या पोरीच्या घरात पण पूर्ण गॅस कधी झालाच नाही. चहा, भाजी गॅसवर, भाकरी चुलीवर, सासऱ्यांना गॅसची कळण्याची भाकरी गिळत नाही म्हणतात. अंघोळीचं पाणी चुलीवर. मी एवढंच करून घेतलं की झोळी बाहेरच्या खोलीत नेली आणि चूल परसात पत्र्याखाली हलवली, त्याला काही खर्च आला नाही, फक्त म्हातारी आठ दिवस बोलली नाही माझ्याशी. खोकला कमी झाला असं आई म्हणते. रोज एक अंडं आणि जुलाब झाले की लगेच ओआरएस, झिंकच्या गोळ्या, हे पण सुरू केलं, त्यामुळे कशाने काय झालं मी सांगू शकत नाही.

तीन वर्षांची झाली तेव्हा मी स्वतः उभी करून मोजली, चप्पल काढून, वरची पोनी सोडून. ८६.९. वर्षात आठ सेंटीमीटर वाढली, आई खूश. पण रेषा पण पुढे सरकते ना, तीन वर्षांची रेषा ८७.४ आहे. म्हणजे पोरगी घसरली नाही पण रेषेच्या वर पण आली नाही, होती तिथेच राहिली. आईला मी ते तसंच सांगितलं.

तुमच्या बातमीदाराला एक विनंती, खुजेपणाचा आकडा छापताना मुलांचं वय काय होतं आणि झोपवून मोजली का उभी, एवढं विचारत जा.

आणि शेजारच्या धुराचं म्हटलं म्हणून सांगून टाकते. थंडीत पहाटे पाचला आमच्या गल्लीत सगळे बंब एकदम पेटतात, वारा नसतो, धूर घराघरांच्या मधे गुडघ्याएवढा बसून राहतो. आमचा पण बंब कपाशीच्या काड्यांवरच आहे आणि त्याचा पाईप त्या पोरीच्या खिडकीकडे तोंड करून आहे. मुलाला म्हटलं सोलर लाव, तो म्हणतो कापूस विकला की बघू. तोपर्यंत पाईप तरी वर काढून घेते या रविवारी.

आपली वाचक,
एक निवृत्त मुख्यसेविका,
ता. अमळनेर, जि. जळगाव