उकळलेल्या पाण्यात विसण नको!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पुरवणीत जलनेतीवर लेख आला होता. सर्दी, धूळ आणि सायनसचा त्रास असलेल्यांना मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचा खरोखर उपयोग होतो, त्यामुळे लेखाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यातल्या दोन शब्दांबद्दल. कृतीत नुसते ‘कोमट पाणी’ असे लिहिले होते. कोमट म्हणजे कुठले? नळाचे, गिझरचे, फिल्टरचे की उकळून निवलेले? मी शहराच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून बरीच वर्षे काढली. पाण्याच्या बाबतीत हा फरक सोडून देणे मला जमत नाही.

आमच्या घरातलाच प्रसंग सांगतो. माझे साडू रोज सकाळी नेती करतात. मी एकदा सहज विचारले, तर म्हणाले, “अहो, उकळूनच घेतो मी पाणी, तुम्ही काळजी करू नका.” पुढे दिवाळीत त्यांच्याकडे मुक्काम झाला, तेव्हा प्रत्यक्ष पाहिले. गॅसवर पातेले, पाणी खळखळ उकळलेले, सगळे रीतसर. मग त्यांनी आंघोळीच्या पाण्यात घालतो तसे त्यात नळाचे अर्धा तांब्या विसण घातले, बोट बुडवून पाहिले, मीठ टाकले आणि नेतीपात्र भरले! त्या विसणाने उकळण्याची सगळी मेहनत पाण्यात गेली. नाकात जाणारे निम्मे पाणी पुन्हा नळाचेच होते.

यावर त्यांचा प्रश्न असा, की जे पाणी आपण पितो ते नाकात गेले तर काय बिघडते? प्रश्न रास्त आहे. पोटात जाणाऱ्या पाण्याला जठरातल्या आम्लातून जावे लागते, आणि तिथे बरेच सूक्ष्मजीव मरतात. नाकात असा पहारा नाही. नाकाच्या अगदी वरच्या टोकाला चाळणीसारखी भोके असलेले पातळ हाड असते. वासाच्या नसा त्या भोकांतून थेट मेंदूकडे जातात. गोड्या, उबदार पाण्यात राहणारा नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा याच वाटेने वर चढतो. तो गिळला गेला तर काही होत नाही. नाकात वरपर्यंत पोहोचला तर मात्र मेंदूला अशी सूज येते, की तिच्यातून शंभरात दोन-तीन जण जेमतेम वाचतात.

हा आजार अत्यंत दुर्मीळ आहे, हेही सांगायला हवे. अमेरिकेत त्याची नोंद काटेकोर ठेवतात आणि तिथे वर्षाला दहाच्या आतच रुग्ण सापडतात, तेही बहुतेक तळ्यात पोहणारे. केरळात गेल्या एक-दोन वर्षांत अमीबामुळे झालेल्या मेंदूज्वराच्या बातम्या आपण वाचल्या, त्यात तळी आणि विहिरींचा उल्लेख वारंवार होता. कराचीत पोहायला न गेलेली माणसेही दगावली आहेत, आणि तिथे नमाजाआधी वजू करताना नाकात ओढल्या जाणाऱ्या पाण्याकडे डॉक्टरांनी बोट दाखवले. पाणी नाकात जोराने, खोलवर आणि मुद्दाम घालणे हाच यातला धोका आहे, आणि नेती म्हणजे नेमके तेच. नुसत्या आंघोळीला घाबरण्याचे कारण नाही.

माझ्या कामाशी जवळची घटना लुइझियाना या अमेरिकी राज्यातली आहे. २०११ साली तिथे नेतीपात्राने नाक धुणारे दोघे जण वेगवेगळ्या गावांत याच अमीबाने गेले, एक तरुण पुरुष आणि एक मध्यमवयीन बाई. दोघेही नळाचे पाणी वापरत होते. तपास करणाऱ्यांनी पालिकेच्या वाहिन्यांतले पाणी तपासले, त्यात अमीबा नव्हता. दोघांच्याही घरातल्या पाण्यात मात्र तो सापडला. म्हणजे पालिकेच्या पाण्यात तो आढळला नाही, आढळला तो उंबरठ्याच्या आत.

हे वाचल्यावर मला आमच्या सोसायटीची गच्ची आठवली. नळाच्या पाण्यात क्लोरीन उरले आहे का, हे पाहायची ओटी चाचणी आमच्या पिढीतल्या प्रत्येक ग्रामसेवकाला माहीत असते. परीक्षानळीत पाणी घ्यायचे, ऑर्थोटोलिडीनचे काही थेंब टाकायचे. क्लोरीन असले तर पाणी पिवळे होते. ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे, असा दंडक आहे. निवृत्तीनंतर मी हौसेने ही चाचणी घरी केली. सकाळी पालिकेचे पाणी आले तेव्हा खालच्या नळाचा नमुना छान पिवळा झाला. गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीत आदल्या दिवसापासून असलेले पाणी घेतले, ते मात्र बिनरंगाचेच राहिले. एप्रिलचे ऊन, तळाशी बसलेला गाळ आणि भिंतींवरचा बुळबुळीत थर यांनी क्लोरीन केव्हाच खाऊन टाकले होते. तो बुळबुळीत थर म्हणजे जिवाणूंची वस्ती, आणि हे जिवाणू अमीबाचे खाद्य. आमच्या टाकीत अमीबा होता असे मी म्हणत नाही, ती तपासणी घरी होत नाही. पण त्याला अडवणारे टाकीत काही उरले नव्हते, एवढे त्या नळीने दाखवले.

गिझरचे पाणी गरम असते म्हणून पुष्कळांना ते सुरक्षित वाटते. हा अमीबा ४६ अंश सेल्सिअसपर्यंत मजेत वाढतो. आंघोळीला पुरेल एवढ्यावर ठेवलेला गिझर म्हणजे त्याला मानवणारी ऊब. पाणी हाताला गरम लागले म्हणजे त्यातले जीव मेले, असे होत नाही.

मग फिल्टरचे पाणी? अमेरिकेतल्याच सिएटल शहरात ६९ वर्षांच्या एक बाई जुन्या सायनससाठी नाक धुवायच्या. डॉक्टरांनी निर्जंतुक पाणी वापरायला सांगितले असतानाही त्या बाजारात मिळणाऱ्या फिल्टरवाल्या जगमधून गाळलेले नळाचे पाणी घेत. आधी नाकाजवळ लाल चट्टा आला, तो त्वचेचा साधा विकार समजला गेला. साधारण वर्षभराने मेंदूत बालामुथिया हा दुसऱ्याच जातीचा अमीबा निघाला. ते पाणी तपासलेले नव्हते, त्यामुळे डॉक्टरांनी खात्री नव्हे तर दाट संशय नोंदवला. २०१८ मध्ये हे प्रकरण प्रसिद्ध झाले. आपल्याकडच्या आरओ यंत्राची जाळी खूपच बारीक असते हे खरे, पण गाळलेले पाणी पुढे यंत्रातल्याच छोट्या टाकीत बिनक्लोरीनचे साठते आणि तोटीतून येते. ते पिण्यासाठी आहे. बाटलीबंद ‘मिनरल वॉटर’सुद्धा पिण्यायोग्य असते, निर्जंतुक नव्हे.

डिस्टिल्ड वॉटरबद्दल एक खास इशारा द्यायचा आहे. आपल्याकडे दुकानात हा शब्द उच्चारला की इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचा पाच लिटरचा कॅन पुढे येतो. त्यातले बरेचसे पाणी नुसते क्षार काढलेले असते. बॅटरीला क्षार चालत नाहीत, जंतू चालतात. तो कॅन नाकासाठी आणू नका. औषधाच्या दुकानातून निर्जंतुक पाणी, किंवा सरळ ०.९ टक्क्यांच्या नॉर्मल सलाईनची बाटली घ्यावी; तिच्यात मीठ आधीच बेताचे असते. लेबल मात्र वाचा, कारण तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या बाटलीत साखर असते. बाटली एकदा उघडली की उरलेले पाणी आठवडाभर पुरवू नये.

रोजच्यासाठी उकळणेच स्वस्त आणि खात्रीचे. साडूंना मी लिहून दिले ते असे. रात्री जेवणानंतर स्टीलच्या पातेल्यात अर्ध्या लिटरहून थोडे जास्त पाणी घ्या. कडेला बुडबुडे दिसले म्हणजे उकळले नव्हे. सगळा पृष्ठभाग खळखळायला लागला की घड्याळात पूर्ण एक मिनिट मोजा. समुद्रसपाटीपासून साडेसहा हजार फुटांवर पाणी कमी तापमानाला उकळते म्हणून तिथे तीन मिनिटे सांगितली आहेत; आपले कळसूबाईचे शिखरही त्याहून खाली आहे, तेव्हा महाराष्ट्रात एक मिनिट पुरे. सिमल्याला लेकीकडे राहणाऱ्यांनी तीन मोजावीत. गॅस बंद करून झाकण ठेवा आणि रात्रभर निवू द्या. घाई असेल तर झाकलेले पातेले गार पाण्याच्या परातीत ठेवा, पण गार पाणी आत जाऊ देऊ नका. बर्फही नको, तो नळाच्याच पाण्याचा असतो. सकाळी पाणी फार गार वाटले तर तेच पाणी थोडे तापवा. झाकून ठेवलेले हे पाणी चोवीस तासांत संपवा, उरले तर झाडांना घाला.

अर्ध्या लिटरला मीठ साडेचार ग्रॅम, म्हणजे बारीक मिठाचा एक छोटा चमचा, सपाटीहून जरा कमी. चवीला अश्रूंइतके खारट लागले की बरोबर. नाकात झोंबले तर मीठ कमी तरी आहे किंवा जास्त तरी. मिठाने पाणी निर्जंतुक होते हा समज मात्र काढून टाका. ते फक्त नाकाच्या आतल्या त्वचेला पाणी बोचू नये म्हणून असते.

आणि पात्र! पाणी उकळायचे आणि नेतीपात्र नळाखाली विसळून ओलेच वापरायचे, म्हणजे मागच्या दाराने विसणच. साबणाने धुतल्यावर शेवटचा हात त्याच उकळलेल्या पाण्याचा फिरवा आणि पात्र पालथे घालून कोरडे होऊ द्या.

नाकात साधे पाणी घेतल्यानंतर साधारण बारा दिवसांच्या आत जोराची डोकेदुखी, ताप, उलट्या, मान आखडणे असे काही झाले, तर लगेच रुग्णालय गाठा, आणि ‘मी नाक धुतो, पाणी नळाचे होते’ हे आपणहून सांगा. सुरुवातीला हा आजार जिवाणूंच्या मेंदूज्वरासारखाच दिसतो. पाण्याचा उल्लेख झाला नाही, तर डॉक्टरांच्या मनात अमीबा येण्याचे कारणच नसते.

साडूंनी आता नेतीसाठी झाकणाचे वेगळे पातेले घेतले आहे आणि त्यावर पट्टी चिकटवली आहे: ‘विसण घालू नये.’ आपल्या पुरवणीतही पुढच्या वेळी ‘कोमट पाणी’च्या जागी ‘उकळून निववलेले पाणी’ असे छापावे, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
(निवृत्त प्रयोगशाळा सहायक), पुणे