पाठची गोळी आणि गर्भपाताची गोळी : अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. संबंधानंतर दिवस राहू नयेत म्हणून घ्यायची तातडीची गर्भनिरोधक गोळी, म्हणजे पाठची गोळी, हीच गर्भपाताची गोळी समजली जाते; माझ्या दवाखान्यात वरचेवर दिसणाऱ्या या गोंधळाबद्दल हे पत्र आहे. तो गोंधळ मेडिकलच्या काउंटरवर सुरू होतो आणि तो थांबवणं आपल्या खात्याच्या हातात आहे.

मध्यंतरी एक लग्न झालेली, एका मुलाची आई असलेली बाई तपासायला आली. पाळी चुकली होती, लघवीच्या तपासणीत दोन रेघा आल्या होत्या. पाळी सुरू झाली त्या गुरुवारपासून मोजलं तर दहाव्या दिवशी, शनिवारी रात्री, निरोध फाटला होता. रविवारी सकाळी नवरा मेडिकलमध्ये गेला. तिथे त्याला सांगितलं, "ती गर्भपाताची गोळी आहे, डॉक्टरांची चिठ्ठी लागते." दुसऱ्या दुकानातही तेच ऐकायला मिळालं. मंगळवारी शेजारच्या शहरातून गोळी आणली आणि तिने ती सकाळीच घेतली. पाकिटावर 72 तासांच्या आत घ्या असं लिहिलेलं होतं आणि ती वेळेत होती. तरीही दिवस गेले.

हे कसं झालं ते नीट पाहिलं, तर ही गोळी काय करते आणि काय करत नाही, दोन्ही कळतं.

या गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचं संप्रेरक असतं, दीड मिलिग्रॅम, एकदाच घ्यायचं. तिचं काम एकच : अंडाशयातून बीज सुटणं पुढे ढकलणं. बीज सुटण्याच्या साधारण दीड दिवस आधी मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून एलएच हे संप्रेरक एकदम उसळून येतं. त्या उसळीच्या आधी गोळी पोटात गेली, तर उसळी येत नाही किंवा लांबते, आणि बीज काही दिवस सुटत नाही. पुरुषाचे शुक्राणू बाईच्या शरीरात जास्तीत जास्त पाच दिवस तग धरतात. बीज सुटेपर्यंत ते संपलेले असतात.

या बाईचं बीज चौदाव्या दिवशी, बुधवारी सुटणार होतं असं धरू. रविवारी, म्हणजे अकराव्या दिवशी गोळी मिळाली असती, तर एलएचची उसळी अजून आलेली नव्हती आणि गोळीला काम करायला वाव होता. मंगळवारपर्यंत उसळी सुरू झालेली असणार. एकदा ती सुरू झाली की ही गोळी बीज अडवू शकत नाही. पाकिटावरचे 72 तास पाळले, पण शरीराचं घड्याळ पुढे निघून गेलं होतं. दोन दुकानांतल्या नकारात तिचे दोन दिवस गेले, आणि तेच दिवस कामाचे होते.

आता मूळ मुद्दा. गोळी उशिरा घेतली, गर्भ राहिला, आणि गोळीने त्याला काहीही केलं नाही. बीज सुटून गेल्यावर ज्यांनी ही गोळी घेतली अशा बायकांचा अभ्यास झाला आहे. त्यांच्यात गर्भधारणा गोळी न घेता झाली असती तितकीच झाली. म्हणजे फलित झालेलं बीज गर्भपिशवीत रुजू न देणं हे काम ही गोळी करत नाही. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिच्या माहितीपत्रकातून रुजण्यावर परिणाम होण्याची शक्यता सांगणारा मजकूर काढला. रुजलेला गर्भ ती पाडू शकत नाही. त्या बाईने मला घाबरत विचारलं होतं, "मॅडम, गोळीमुळे बाळाला काही झालं असेल का?" तिला मी जे सांगितलं तेच आपल्यालाही सांगते : नाही, या गोळीमुळे गर्भात व्यंग येत नाही.

गर्भपाताची औषधं पूर्णपणे वेगळी आहेत. आधी मिफेप्रिस्टोन, 200 मिलिग्रॅम. गर्भ टिकवून धरणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचं काम ते बंद पाडतं. एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल, ज्याने पिशवी आकुंचन पावते आणि रक्तस्राव होऊन गर्भ बाहेर पडतो. ही औषधं गर्भपाताच्या एमटीपी कायद्याखाली, नऊ आठवड्यांपर्यंतच्या गर्भासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायची असतात. त्यांना चिठ्ठी हवीच, यावर माझा काही वाद नाही. लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी मात्र आपल्या देशात 2005 पासून चिठ्ठीशिवाय मिळते, आणि सरकारच्याच योजनेत आशाताई ती दोन रुपयांत घरपोच देतात.

मग दुकानदार घाबरतो कशाला? बीडमधल्या बेकायदा गर्भपाताच्या प्रकरणानंतर 2012 मध्ये लिंगनिवडीच्या गर्भपातांविरुद्ध राज्यात मोहीम झाली, आणि आपल्या खात्याने गर्भपाताच्या गोळ्यांच्या विक्रीवर करडी नजर ठेवली. मोहिमेचा हेतू रास्त होता. पण गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच नको अशी धास्ती दुकानांत बसली, आणि नाव नीट न वाचता "तसली गोळी" म्हणून दोन्ही एकाच खात्यावर जमा झाल्या. लिंगनिवडीशी या गोळीचा संबंध असूच शकत नाही. ती घेतात तेव्हा गर्भच नसतो.

गोंधळाची उलटी बाजू मला जास्त छळते. पाळी चुकलेल्या मुली हीच गोळी "मोकळं व्हायला" म्हणून घेतात. काही होत नाही, मग दुसरी घेतात, वाट बघत बसतात. माझ्याकडे येईपर्यंत गोळ्यांनी सुरक्षित गर्भपात होण्याची मुदत उलटलेली असते. ही गोळी गर्भपाताची आहे असं काउंटरवर म्हटलं जातं, त्याचाच हा परिणाम.

दुकानदाराने सांगायच्या गोष्टी तशा थोड्याच आहेत. गोळी शक्य तितक्या लवकर घ्या. दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्या. पुढची पाळी थोडी मागेपुढे होईल, आठवड्याहून जास्त लांबली तर लघवी तपासा. गोळीनंतर पुन्हा संबंध आला तर त्याला ही गोळी पुरत नाही, कारण बीज पुढे ढकललं गेलंय, रद्द झालेलं नाही. मूल न होण्याची भीती बाळगू नका, पण दर वेळचा उपाय म्हणूनही हिच्यावर विसंबू नका, नेहमीची साधनं जास्त खात्रीची आहेत. आणि क्षयरोगाची रिफॅम्पिसिन चालू असेल तर दवाखान्यात पाठवा, कारण त्या औषधामुळे ही गोळी दुबळी पडते. अशा बाईला, किंवा उशीर झालेल्या कुणालाही, संबंधानंतर पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर ती गोळीपेक्षा कितीतरी भरवशाची. सरकारी दवाखान्यात ती मोफत बसवतात.

माझी मागणी एका पानाच्या परिपत्रकाची आहे. ते मराठीत असावं, प्रत्येक परवानाधारक औषध विक्रेत्याकडे पोचावं, आणि त्यात दोन्ही औषधांची नावं वेगवेगळी छापलेली असावीत : कोणत्याला चिठ्ठी लागते आणि कोणत्याला लागत नाही. औषध निरीक्षक तपासणीला जातात तेव्हा त्यांनी लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या विक्रीवरून दुकानदाराला जाब विचारू नये, हेही त्यात स्पष्ट लिहावं. पहिली प्रत आमच्या तालुक्यातल्या दुकानांपर्यंत आली, तर ती काउंटरवर लावली जाते की नाही हे मी स्वतः जाऊन बघेन आणि आपल्याला कळवेन.

आपली,
ग्रामीण भागातील एक स्त्रीरोगतज्ज्ञ