खलनायकाच्या बाजूने प्रश्न विचारणाऱ्या संपादक ताईंना

प्रिय ताई,

कादंबरी छापून आली. पुस्तकाच्या सुरुवातीला तुमचे आभार दोन ओळींत मानले आहेत, पण तेवढ्याने माझं समाधान होत नाही. शिवाय तुम्ही जे दाखवून दिलंत ते थ्रिलर लिहिणाऱ्या इतरांच्याही कामी येईल, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहितो आहे.

पहिला खर्डा तुमच्याकडून परत आला तेव्हा डॉक्टरच्या प्रकरणाशेजारी समासात पेन्सिलीने तीनच शब्द होते : "पण आजच का?" डॉक्टर भूलतज्ज्ञ. त्याच्या हातून खून होतात आणि त्याचं कारण म्हणून मी त्याचं बालपण दिलं होतं : मारकुटा बाप, अपमान, एकटेपणा. तुमचं म्हणणं असं, की बालपणाने माणूस कसा घडला ते कळेल, पण पन्नाशीपर्यंत सरळ वागलेला माणूस याच आठवड्यात का बिथरला ते कळणार नाही. त्याला आज काहीतरी हवं असायला हवं, आणि ते आजच हातातून निसटू लागलेलं असायला हवं. मग तुम्ही एक कसोटी सांगितलीत. हेतू झाकून कथानक वाचायचं. एकही प्रसंग कोसळला नाही, तर तो हेतू वरून चिकटवलेला आहे. मी बालपणाची पानं काढून पाहिली. सगळे प्रसंग जागच्या जागी उभे होते.

तिथून पुढे आपण फोनवर जे शोधत गेलो, त्यातला आनंद मी विसरणार नाही. डॉक्टरला काय हवंय? पैसा नको, सूडही नको. वीस वर्षांपूर्वी एका शस्त्रक्रियेत त्याने श्वासाची नळी चुकून अन्ननलिकेत घातली. नर्सने तेव्हाच शंका बोलून दाखवली, त्याने ती उडवून लावली आणि रुग्ण बाई दगावली. भूल देताना नाडी आणि रक्तदाब दर पाच मिनिटांनी तक्त्यावर मांडायचे असतात. त्याने तो तक्ता रातोरात नव्याने लिहिला, दोष नर्सवर गेला, तिची नोकरी गेली. त्या बाईची तान्ही मुलगी त्याने दत्तक घेतली. आता ती डॉक्टर होते आहे आणि त्याला 'बाबा' म्हणते. हे 'बाबा' टिकावं, एवढीच त्याची इच्छा. ही इच्छा तुमच्या-माझ्यासारख्या कुणाचीही असू शकते, म्हणूनच तिची भीती वाटते.

आणि 'आजच का'? रुग्णालयाने जुन्या फाइली स्कॅन करायला काढल्यात. मुलीने आपल्या आईच्या फाइलीसाठी स्वतः अर्ज केलाय. कपाटं वर्षावार रिकामी होत आली आहेत आणि तीन आठवड्यांत ते वर्ष येणार. मला वेगळी टिकटिक लावावीच लागली नाही.

सगळ्यात मोठा फरक पहिल्या खुनात पडला. आधीच्या खर्ड्यात रेकॉर्ड विभागातला कारकून मरतो, कारण त्याने डॉक्टरला पाहिलेलं असतं. असा साक्षीदार कुठल्याही कथेतून उचलून आणता येतो. नव्या खर्ड्यात डॉक्टर खून करायला जातच नाही, फक्त तक्ता काढून घ्यायला जातो. फाइल जागेवर नसते, मुलीच्या अर्जामुळे कारकुनाने ती वेगळी काढून ठेवलेली असते. डॉक्टर आधी विनवणी करतो, मग पैसे पुढे करतो. कारकून सज्जन माणूस. तो म्हणतो, "साहेब, एवढं काय त्यात? मी उद्या तुमच्या मुलीलाच विचारतो." या वाक्यावर त्याचा जीव जातो. दुसरं काहीही बोलला असता तर वाचला असता. "हेतूचा गळा जिथे आवळला जाईल तिथेच गुन्हा घडू दे," हे तुमचं वाक्य मी तेव्हापासून प्रत्येक प्रसंगाला लावतो.

तुम्ही माझ्याकडून आणखी एक काम करून घेतलंत. डॉक्टर पानावर नसतो तेव्हा तो काय करतो, हे त्याच्या बाजूने तारीखवार लिहून काढायला लावलंत. त्याला आज काय माहीत आहे, काय माहीत नाही, आणि त्यावरून त्याला शहाणपणाचं काय वाटतं. हा कागद वाचकाला दिसत नाही, पण तो लिहिताना लक्षात आलं की इन्स्पेक्टरबाईंची प्रत्येक हालचाल त्याला काहीतरी करायला भाग पाडते. बाई मुलीचा जबाब घ्यायचं ठरवतात, म्हणून त्याच रात्री तो दुसरं पाऊल उचलतो. मधल्या सुस्त प्रकरणांची माझी अडचण इथेच सुटली.

याच कागदात तो काय करणार नाही हेही ठरलं. तो नर्सला हात लावणार नाही. खरं तर तीच सर्वांत धोकादायक, तरीही. तिच्या आयुष्याची माती आपण केली हे त्याला ठाऊक आहे. म्हणून नाव न सांगता तो तिला वर्षानुवर्षं पैसे पाठवतोय. इन्स्पेक्टरबाई त्याच पैशांच्या मागाने त्याच्यापर्यंत पोचतात. बोटांचे ठसे आणि विसरलेला रुमाल मी आनंदाने काढून टाकले.

रहस्य टिकवून हेतू दाखवायचा कसा, याची मला धास्ती होती. तुमचा तोडगा साधा होता : माया उघड दाखव, धोका लपव. त्यामुळे तिसऱ्या प्रकरणापासूनच तो रात्री जागून मुलीच्या प्रकल्पातले आकडे तपासताना दिसतो. वाचक त्याला भला बाप समजतो आणि ते खरंच असतं. लपलेली असते ती फक्त फाइल. त्यामुळे शेवटून दुसऱ्या प्रकरणातलं त्याचं सहा पानांचं कबुलीभाषण गेलं. आता मुलगी जुना तक्ता समोर धरते आणि म्हणते, "आई जात होती, बाबा. आकडे इतके सरळ कसे?" वाचकाला तेवढ्यात सगळं कळतं.

या वाटेवर एक धोका होता, तोही तुम्हीच ओळखलात. डॉक्टर इतका जवळचा वाटू लागला की खून हलके होऊ लागले. त्याची माया कमी करायला तुम्ही सांगितलं नाहीत. तुम्ही म्हणालात, कारकुनाला मोठा कर. मग त्याचं रिकामं टेबल, त्याच्या बायकोने पोलिसांना पुन्हापुन्हा विचारलेली वेळ, अर्धवट स्कॅन झालेला गठ्ठा असं सगळं आलं. आता डॉक्टर मुलीशी प्रेमाने बोलतो तेव्हा वाचकाला तो गठ्ठाही आठवत राहतो.

शेवटाबद्दल आपलं एकमत झालं नाही. मुलीने त्याला एकदा तरी भेटायला जावं असं तुम्हाला वाटत होतं, मी तिला जाऊ दिलं नाही. तुम्ही दोनदा समजावलंत, तिसऱ्यांदा म्हणालात, "तुझी मुलगी आहे, तू ठरव." त्याबद्दलही मनापासून आभार.

तुमचा,
एक ऋणी लेखक